बटण दाबूनही काहीच न होणारा लॅपटॉप: उरलेला चार्ज, नुसता चार्जर आणि पॉवर बटण वेगवेगळे कसे तपासावेत

दापोली तालुक्यातील एका शिक्षिकेचा लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा माझ्या टेबलावर पहिल्याच झटक्यात चालू झाला. त्यांची तक्रार मात्र खरी होती. रात्री व्यवस्थित बंद केलेला लॅपटॉप सकाळी बटण दाबल्यावर काहीच करत नसे. ना दिवा, ना पंख्याचा आवाज, ना पडद्यावर एखादी चमक. कुणीतरी सांगितल्याप्रमाणे त्या चार्जर काढत, बटण तीस सेकंद घट्ट दाबून धरत, चार्जर पुन्हा लावत, आणि लॅपटॉप सुरू होई. आठदहा दिवसांनी पुन्हा तेच. “अहो, मागच्या वेळी दाबून धरलं तर लगेच लागला होता, आता दोनदा दाबून धरावं लागतं,” असे त्या तिसऱ्या खेपेस म्हणाल्या, आणि त्या वाक्यातच बिघाडाचा पत्ता होता. तो मला तेव्हा लगेच कळला नाही, पण त्यामुळे जी तपासणीची पद्धत बसली ती येथे सविस्तर लिहीत आहे.

बटण दाबून धरण्याच्या या उपायाने त्या वेळेपुरता लॅपटॉप सुरू होतो, परंतु त्यातून कारण समजत नाही, कारण या एका कृतीत तीन वेगळ्या गोष्टी एकदम घडतात. चार्जरचा पुरवठा तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. आतला उरलेला चार्ज निघून जातो किंवा नियंत्रक चिप नव्याने सुरू होते. आणि तिसरी, सहसा कोणाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे, पॉवर बटण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोराने आणि जास्त वेळ दाबले जाते. लॅपटॉप सुरू झाला की श्रेय मात्र केवळ चार्ज काढण्याला दिले जाते. एकदाच घडलेल्या बिघाडात असे झाले तर काही बिघडत नाही. बिघाड पुन्हा पुन्हा येत असेल, तर या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवून, एका वेळी एकच करून पाहणे एवढाच मार्ग आहे.

म्हणून पहिली विनंती अशी की, लॅपटॉप पुढच्या वेळी बंद आढळला तर लगेच बटण दाबून धरू नका. बिघाड हजर असतानाच तपासणी करावी लागते. बरा केलेला लॅपटॉप टेबलावर आणला तर हाती काही लागत नाही. शिक्षिकाबाईंनाही मी चौथ्या वेळी सांगितले, की आहे त्या अवस्थेत, बटणाला हात न लावता आणा.

खरोखर काहीच होत नाही का, हे आधी ठरवा

“चालू होत नाही” या एका वाक्यात लोक दोन निराळे बिघाड सांगतात. एकात लॅपटॉप चालू होतो, पण पडद्यावर काही दिसत नाही. दुसऱ्यात तो मुळात चालूच होत नाही. अंधाऱ्या खोलीत, चार्जर लावून, कान कीबोर्डजवळ नेऊन बटण एकदा दाबावे. पंखा क्षणभर जरी फिरला, कीबोर्डचा प्रकाश लागला, किंवा कॅप्स लॉकचे बटण दाबल्यावर त्याचा दिवा बदलला, तर लॅपटॉप जागा आहे आणि तपास पडदा व रॅमच्या दिशेने न्यावा लागेल. एखादा दिवा ठरावीक संख्येने लुकलुकत असेल तर तो त्या मॉडेलचा बिघाड-संकेत असतो. किती वेळा आणि कोणत्या रंगात लुकलुकतो ते मोजून लिहून ठेवावे. हा लेख दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे बटणाला काहीच प्रतिसाद न देणाऱ्या लॅपटॉपसाठी आहे.

आणखी एक फसवी अवस्था आहे. लॅपटॉप बंद नसतो, तर झोपलेल्या अवस्थेतच अडकलेला असतो, आणि बाहेरून तो पूर्ण मृत वाटतो. तो पुन्हा सुरू झाल्यावर विंडोजच्या Event Viewer मध्ये, Windows Logs खाली System या नोंदींत, बिघाडाच्या आधीची शेवटची नोंद पाहावी. विंडोज नीट बंद झाले असेल तर तेथे सहसा 6006 क्रमांकाची नोंद असते. तशी नोंद नसेल आणि पुढच्या सुरुवातीला Kernel-Power 41 दिसत असेल, तर विंडोज नीट बंद न होताच वीज तुटली होती, म्हणजे बहुधा तो झोपेतून उठू शकला नव्हता. वारंवार असेच दिसले, तर प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत पुढील आज्ञा देऊन हायबरनेशन आणि त्यावर अवलंबून असलेले फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद करावेत आणि दोनतीन आठवडे फरक पाहावा.

```
powercfg /h off
```

शिक्षिकाबाईंच्या लॅपटॉपवर प्रत्येक वेळी 6006 ची नोंद होती. तो नीट बंद झालेला होता, म्हणून ही शक्यता तेथेच मिटली.

उरलेला चार्ज म्हणजे नेमके काय

लॅपटॉप बंद असला तरी त्याच्या मदरबोर्डवरील एक लहान चिप जागीच असते. तिला एम्बेडेड कंट्रोलर किंवा नुसते ईसी म्हणतात. बॅटरी किंवा चार्जर यांपैकी काहीही जोडलेले असेपर्यंत तिला वीज मिळत राहते. पॉवर बटण दाबले गेले का, झाकण उघडले का, चार्जर आला का, याकडे तिचे सतत लक्ष असते, आणि बटणाची खूण मिळाल्यावर मदरबोर्डवरचे निरनिराळे पुरवठे ठरलेल्या क्रमाने ती सुरू करते. म्हणजे पॉवर बटण लॅपटॉप स्वतः चालू करत नाही. ते केवळ या चिपला निरोप देते. विजेचा झटका, अर्धवट राहिलेले अपडेट, किंवा चार्जर वारंवार आत-बाहेर होणे यांमुळे ही चिप एखाद्या चुकीच्या अवस्थेत अडकली, तर बटण कितीही वेळा दाबले तरी निरोप ऐकणारे कोणी नसते. तिची वीज पूर्ण तोडली आणि कॅपॅसिटरमधला उरलासुरला चार्ज निघून गेला, की ती कोऱ्या पाटीने सुरू होते.

येथे एक मोठा गैरसमज आहे. जुन्या लॅपटॉपांत बॅटरी खालून खटक्याने निघत असे, त्यामुळे ती काढून, चार्जर काढून, बटण दाबून धरले की चार्ज खरोखरच निघून जाई. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत बॅटरी आत स्क्रूने बसवलेली असते. तुम्ही चार्जर काढून बटण दाबून धरता तेव्हा बॅटरी जोडलेलीच राहते आणि ईसीचा पुरवठा सुरूच असतो. अशा वेळी जे घडते ते चार्ज निघून जाणे नव्हे; बटण बराच वेळ दाबलेले पाहून मदरबोर्डवरील रचना स्वतःला सक्तीने बंद करून पुन्हा सुरू होते. किती वेळ दाबायचे हे कंपनी आणि मॉडेलवर अवलंबून असते. साधारण १५ सेकंदांपासून ४० सेकंदांपर्यंत, क्वचित त्याहून जास्त. काही लॅपटॉपांना, उदाहरणार्थ बऱ्याच थिंकपॅडांना, तळाशी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते आणि आतली कळ सरळ केलेल्या पेपरक्लिपने हलकेच दाबली की बॅटरीचा पुरवठा तात्पुरता तोडला जातो. असे छिद्र असल्यास मागचे झाकण न उघडताच काम होते. मात्र त्याच्या शेजारी स्पीकर किंवा मायक्रोफोनचे छिद्र नाही ना, हे मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहून मगच पेपरक्लिप घालावी.

छिद्र नसेल आणि झाकण उघडण्याचा सराव असेल, तर चार्ज काढण्याचा खरा प्रकार असा. चार्जर काढावा. सपाट जागी, ओला नसलेल्या हाताने मागचे स्क्रू काढावेत. लांब आणि आखूड स्क्रू कोठून निघाले ते कागदावर मांडून ठेवावे, कारण लांब स्क्रू चुकीच्या जागी घातला तर तो कीबोर्डच्या बाजूने वर येतो. झाकण उघडताच बॅटरी फुगलेली आहे का हे आधी पाहावे. ती उशीसारखी फुगली असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल, तर पुढे काहीही करू नये; तिला दाबू नये, टोचू नये, चार्जर लावू नये, आणि ती बदलूनच घ्यावी. बॅटरी ठीक असेल तर तिचा कनेक्टर नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने, तारा न ओढता, सरळ बाहेर काढावा. स्क्रूड्रायव्हरचे टोक येथे वापरू नये, कारण त्याच कनेक्टरच्या दोन पिना जुळल्या तर धड मदरबोर्ड जळतो.

यानंतर, बिघाड वारंवार येत असेल तर, पॉवर बटण दाबून धरू नये. लॅपटॉप तसाच १५ मिनिटे ठेवावा. बॅटरी आणि चार्जर दोन्ही तुटलेले असताना उरलेला चार्ज सर्किटमधून आपोआप ओसरतो. बटण दाबल्याने तो लवकर ओसरतो इतकेच. पंधरा मिनिटे थांबण्याने आपण चार्ज काढतो, पण बटणाला व्यायाम देत नाही, आणि त्या दोन गोष्टी प्रथमच वेगळ्या होतात.

नुसत्या चार्जरवर

बॅटरी तुटलेलीच ठेवून चार्जर लावावा. आता पुरवठ्याचा एकच मार्ग उरला आहे, म्हणून जे दिसेल त्याचा अर्थ लावणे सोपे जाते. चार्जर लावताच लॅपटॉपचा चार्जिंगचा दिवा क्षणभर किंवा कायम लागला, तर चार्जर, त्याची सॉकेट आणि मदरबोर्डचा पहिला टप्पा जिवंत असल्याची ती चांगली खूण आहे. दिवा लागला नाही तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण बॅटरी नसताना काही मॉडेलांचा दिवा लागतच नाही. मिनिटभर थांबून, रोज जसे दाबता तसेच, हलक्या बोटाने बटण एकदा दाबावे.

येथे चार्जर योग्य आहे याची खात्री हवी. त्याच्या पाठीवर आउटपुटचा आकडा छापलेला असतो, जसे १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपियर, या दोहोंचा गुणाकार साधारण ६५ वॉट. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून टोकाशी मोजल्यास छापलेल्या आकड्याच्या अर्ध्या-एक व्होल्टच्या आत रीडिंग यायला हवे. डेल, एचपी यांच्या चार्जरांसारख्या ज्या गोल टोकाच्या मधोमध सुईसारखी बारीक ओळखपिन असते, तिथे धन बाजू त्या पिनेवर नसून नळीच्या आतल्या भिंतीवर असते. मधली पिन केवळ चार्जरची ओळख पटवते. ती पिन वाकली किंवा तिची तार तुटली, तर लॅपटॉप चार्जरवर कसाबसा चालतो पण बॅटरी भरत नाही, आणि दोन दिवसांनी बॅटरी संपल्यावर “अचानक बंद पडला” अशी तक्रार येते. टाइप-सी चार्जरचे टोक असे मोजून उपयोग नाही, कारण लॅपटॉपशी बोलणी झाल्याशिवाय तो पूर्ण व्होल्टेज देतच नाही. त्याबाबत एवढेच पाहावे की चार्जर लॅपटॉपला लागेल तेवढ्या वॉटचा आहे. मोबाइलच्या लहान चार्जरवर बहुतेक लॅपटॉप सुरू होत नाहीत. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लावला असेल, तर एरवी कमी पडणारी वीज बॅटरी पुरवत असते. बॅटरी काढल्यावर तो सुरू झाला नाही, तर दोष लॅपटॉपचा म्हणता येणार नाही.

चार्जरवर स्वतःचा दिवा असेल तर एका खुणेकडे अवश्य लक्ष द्यावे. टोक लॅपटॉपमध्ये घालताच चार्जरचा दिवा विझतो आणि बाहेर काढल्यावर, थोड्या वेळाने किंवा भिंतीवरचे बटण बंद-चालू केल्यावर, पुन्हा लागतो, असे होत असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवतो आहे. बॅटरी तुटलेली असतानाही तसेच झाले तर शॉर्ट सॉकेटमध्ये किंवा मदरबोर्डवर आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा चार्जर लावून पाहू नये. वर सांगितलेला एकही उपाय तेथे लागू पडत नाही आणि तपासणी तिथेच थांबवावी.

आता निष्कर्षाकडे. पंधरा मिनिटांनंतर नुसत्या चार्जरवर, हलक्या दाबाने, लॅपटॉप सुरू झाला तर दोन शक्यता उरतात: ईसी अडकली होती, किंवा बॅटरी अडथळा आणत होती. बॅटरी पुन्हा जोडून पाहिले की दोहोंतली एक गळते. जोडताना मात्र एक काळजी घ्यावी. बऱ्याच लॅपटॉपांतील आतली बॅटरी एकदा तुटली की चार्जर लागेपर्यंत स्वतःहून वीज देत नाही. म्हणून बॅटरी जोडल्यावर पहिली सुरुवात चार्जर लावूनच करावी, नाहीतर धडधाकट लॅपटॉपही मृत वाटेल. शिवाय पूर्ण वीज तुटल्यानंतर पहिल्या वेळी पडदा मिनिटभर किंवा थोडा जास्त काळा राहू शकतो, कारण रॅमची जुळणी नव्याने होते. त्या वेळात घाईने बटण दाबून तो बंद करू नये. बॅटरी जोडताच बिघाड परतला तर दोष बॅटरीत आहे. फार खाली उतरलेली बॅटरी असेल तर तिला अर्धा तास चार्जरवर ठेवून पाहावे, आणि लॅपटॉप सुरू झाल्यावर `powercfg /batteryreport` ही आज्ञा देऊन अहवालात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY यांची तुलना करावी. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला असेल तर ती बॅटरी बदलायच्या योग्यतेची आहे.

शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप चौथ्या खेपेस मृतावस्थेतच आला, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. बॅटरी तोडली, पंधरा मिनिटे ठेवला, चार्जर लावला. चार्जिंगचा दिवा क्षणभर लागला. हलक्या बोटाने बटण दाबले, काही नाही. पुन्हा तसेच, काही नाही. मग अंगठ्याने जोर देऊन एकदाच, सेकंदभर दाबले आणि पंखा फिरला. मधल्या काळात मी ना चार्ज काढला होता, ना चार्जर हलवला होता. बदलला तो केवळ बोटाचा जोर.

पॉवर बटण तपासताना

आता त्यांचे “दोनदा दाबून धरावं लागतं” हे वाक्य आठवले. ईसी अडकण्याचा बिघाड असा पायरीपायरीने वाढत नाही. तो एकतर असतो किंवा नसतो. हळूहळू जास्त जोर, जास्त वेळ मागत जाणारी गोष्ट म्हणजे झिजलेला किंवा गंजलेला संपर्क.

बहुतेक लॅपटॉपांत पॉवर बटण ही एका छोट्या वेगळ्या पट्टीवर बसवलेली चिमुकली कळ असते आणि ती पट्टी चपट्या रिबन केबलने मदरबोर्डला जोडलेली असते. बटणाच्या ओळीवर स्थिर अवस्थेत साधारण ३.३ व्होल्ट असतात. कळ दाबली की ती ओळ जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडली जाते आणि व्होल्टेज शून्याजवळ येते. ईसी हे खाली येणे पाहते. कळीच्या आतल्या पत्र्यावर गंजाचा पातळ थर बसला तर दाबल्यावर ओळ पूर्ण खाली येत नाही, मधेच लटकते, आणि ईसीच्या लेखी बटण दाबलेच गेले नाही. जोराने किंवा तीस सेकंद दाबून धरल्यावर पत्रा थराला छेदतो, संपर्क होतो आणि लॅपटॉप सुरू होतो.

मोजण्याची पद्धत सोपी आहे, पण ती चालू पुरवठ्यावर करायची असल्याने हात स्थिर हवा. बॅटरी तुटलेली, चार्जर जोडलेला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी प्रोब स्क्रूच्या धातूच्या खाचेवर, म्हणजे ग्राउंडवर टेकवावी आणि लाल प्रोब कळीच्या पायांना एकेक करून लावावी. एका बाजूच्या पायावर शून्य आणि दुसऱ्या बाजूच्या पायावर सुमारे ३.३ यायला हवेत. लाल प्रोब त्या दुसऱ्या पायावर धरून दुसऱ्या कोणाकडून बटण दाबून घ्यावे. एकट्याने दोन्ही करताना प्रोब घसरते. या लॅपटॉपवर न दाबता ३.३१ आले, हलक्या दाबाला मीटर १.९ च्या आसपास लटकले, आणि जोर वाढवल्यावर एकदम ०.०२ वर आले.

आकड्यांचा अर्थ असा लावावा. ३.३ असून दाबल्यावर पूर्ण खाली येत नसेल तर कळ खराब आहे. हलक्या दाबालाही स्वच्छ शून्य येत असेल आणि तरी लॅपटॉप गप्प असेल, तर बटण निर्दोष आहे आणि दोष रिबनपासून मदरबोर्डच्या दिशेने आहे. मुळात ३.३ च नसतील तर रिबन निसटली आहे किंवा मदरबोर्डवर तो पुरवठाच नाही. न दाबताही आकडा शून्याजवळ असेल तर बटण अडकले आहे किंवा ओलाव्याने दोन पाय एकमेकांना जोडले गेले आहेत. अशा लॅपटॉपचे एक लक्षण म्हणजे तो कधी कधी आपोआप सुरू होतो आणि काही सेकंदांत पुन्हा बंद पडतो, कारण ईसीला बटण सक्तीने बंद करण्यासाठी धरून ठेवल्यासारखे दिसते.

चालू पुरवठ्यावर मोजण्याचे धाडस नसेल तर चार्जर आणि बॅटरी दोन्ही तोडून, रिबन काढून, मीटर ओहमवर ठेवून कळीच्या दोन बाजू मोजाव्यात. चांगली कळ दाबल्यावर एका ओहमच्याही खाली आणि स्थिर रीडिंग देते. खराब कळीचा आकडा बोटाच्या जोराबरोबर वरखाली पळतो. रिबन काढण्याआधी तिच्या कनेक्टरची बारीक कुलूपपट्टी वर उचलावी किंवा मागे सरकवावी; तशीच ओढली तर कनेक्टर तुटतो, आणि पाच मिनिटांच्या तपासणीचे रूपांतर मदरबोर्डच्या दुरुस्तीत होते.

ज्यांना झाकण उघडायचेच नाही त्यांच्यासाठी एक पर्याय आहे, मात्र त्याची तयारी लॅपटॉप सुरू असताना करून ठेवावी लागते. काही मॉडेलांच्या बायोसमध्ये चार्जर जोडताच लॅपटॉप सुरू करण्याची सोय असते. थिंकपॅडमध्ये तिचे नाव Power On with AC Attach, तर डेलच्या बऱ्याच मॉडेलांत Wake on AC. ही सोय चालू करून ठेवावी. पुढच्या वेळी लॅपटॉप बटणाला दाद देत नसेल तेव्हा चार्जर काढून पुन्हा लावावा. बटणाला न जुमानणारा लॅपटॉप चार्जर लावताच सुरू झाला, तर ईसी जागी आहे आणि संशय जवळजवळ पूर्णपणे बटणावर जातो. सोयही होते, कारण नवीन बटण येईपर्यंत काम अडत नाही.

ज्या लॅपटॉपांत पॉवर बटण कीबोर्डच्याच शेवटच्या कळीवर असते, तिथे ते वेगळे बदलता येत नाही आणि बहुधा संपूर्ण कीबोर्ड बदलावा लागतो. बटणातच बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर असेल तर त्या रिबनमध्ये बऱ्याच तारा असतात. तेथे अंदाजाने दोन पिना जोडून पाहण्याचा प्रयोग कदापि करू नये.

दापोलीच्या लॅपटॉपची पट्टी काढून भिंगाखाली पाहिली. कळीच्या एका पायाभोवती हिरवट पांढरी पावडर जमली होती. त्यांचे घर समुद्रापासून फार दूर नाही आणि लॅपटॉप रात्री खिडकीखालच्या टेबलावर राहत असे. खारट दमट हवा रात्रभर आत जाई, म्हणून तक्रार नेहमी सकाळची असे. माझ्या टेबलावर मात्र तो दुपारपर्यंत कोरडा होऊन पोहोचत असे आणि पहिल्या दाबाला सुरू होत असे. पहिल्या तिन्ही खेपा व्यर्थ का गेल्या, याचे उत्तर त्या पावडरीत होते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुरवठा पूर्ण तोडून, मऊ ब्रशने पाय साफ केले आणि अर्धा तास वाळू दिले. औषधाच्या दुकानातल्या साध्या स्पिरिटमध्ये पाणी जास्त असते, म्हणून ते मी या कामाला वापरत नाही. हलक्या दाबाचा आकडा १.९ वरून ०.६ वर आला, म्हणजे सुधारला, पण शून्य झाला नाही. गंज कळीच्या आतही पोहोचला होता आणि आत ब्रश जात नाही. साफसफाईवर भागवून लॅपटॉप परत दिला असता तर श्रावणात तो पुन्हा आला असता, म्हणून बटणाची पट्टी रिबनसह नवीन मागवली. ती बसवल्यावर हलक्या दाबाला मीटरवर ०.०० आले.

या सर्व पायऱ्यांनंतरही लॅपटॉप गप्प राहिला, म्हणजे चार्जर योग्य आहे, बॅटरी तुटलेली आहे, बटणाची ओळ स्वच्छ शून्यावर येते आणि तरी काही हलत नाही, तर दोष बहुधा मदरबोर्डवर आहे आणि तो घरी सुटणारा नाही. दुरुस्तीला देताना वरचे आकडे आणि खुणा कागदावर लिहून सोबत द्याव्यात, म्हणजे दुकानदार पुन्हा बटण दाबून धरण्यापासून सुरुवात करणार नाही. काम तातडीचे असेल आणि मॉडेलमध्ये एसएसडी वेगळी निघत असेल, तर ती आधी काढून स्वतःजवळ ठेवावी. ती बाहेरच्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकावर फाइली वाचता येतात. फक्त फाइली कुलूपबंद ठेवणारी विंडोजची बिटलॉकर ही सोय चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते आणि ती सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्या खात्यात जपलेली असते.